श्वासावर चढलेली एक ओळ

ग्रीसमधल्या अॅथोस पर्वतावरच्या मठांत साधू काळ्या लोकरीची, बहुधा शंभर गाठींची माळ ओढत बसतात. प्रत्येक गाठीला एकच प्रार्थना. श्वास आत घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’ आणि सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. एका श्वासाला दहा सेकंद धरले, तर एक माळ साधारण सतरा मिनिटांत होते.

तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या गुरूंनी बसायची रीतही सांगितली: बुटकं आसन, खाली झुकलेली मान, लक्ष हृदयापाशी. दक्षिण इटलीच्या बार्लामने ‘यांचा आत्मा बेंबीत असतो’ अशी टर उडवली. ग्रेगरी पालामास यांनी साधूंची बाजू मांडली आणि 1341 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत बार्लामच हरला.

गंमत म्हणजे श्वासाबद्दल जास्त सावध साधकच असतात. एकोणिसाव्या शतकातले रशियन बिशप थेओफान बजावत, की श्वास नुसता आधार आहे. गुरूवाचून त्याच्या मागे लागू नये. दम कोंडला, डोकं जड झालं, छातीतली ऊब किंवा डोळ्यांपुढचा उजेड कृपाच वाटू लागला, की वाट चुकली समजायचं. मग श्वास सोडून द्यायचा आणि साध्या शब्दांवर परत यायचं.