कूड, भिंत आणि भेग : पनवेल परिसरातील मातीच्या भिंतीचा विचार

‘मातीची भिंत’ या एकाच शब्दप्रयोगाखाली मराठीत दोन भिन्न रचना वावरत असतात. एकीत माती स्वतः भार वाहते. दुसरीत भार लाकडी खांबांवर असतो आणि माती केवळ आच्छादनाचे काम करते. या दुसऱ्या रचनेला कोकणात ‘कूड’ म्हणतात. पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याकडील ठाकूर व कातकरी वाड्यांत कारवीच्या काठ्यांचे कूड आजही काही ठिकाणी आढळतात. या दोन शब्दांचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ‘भिंत’ हा शब्द ‘भित्ति’पासून आला. त्याच्या मुळाशी ‘भिद्’, म्हणजे फोडणे किंवा चिरणे, हा धातू असून शतपथ ब्राह्मणात ‘भित्ति’ म्हणजे चिरलेल्या वेतांची चटई होय. ‘कूड’ हा शब्द मात्र ‘कुड्य’, म्हणजे सामान्यतः कोणतीही भिंत, यापासून आलेला आहे. म्हणजे वेतांचा शब्द घन भिंतीकडे गेला आणि भिंतीचा शब्द काठ्यांकडे आला. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दोहोंवर दिसणाऱ्या रेषांचा : एकीवरील थरांचा आणि दुसरीवरील बारीक भेगांचा.

प्रथम थरांची भिंत घेऊ. फळ्यांच्या साच्यात ओलसर माती सुमारे १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पसरतात व धुमसाने ठोकून तिची उंची १० सेंटिमीटरपर्यंत आणतात. मग त्यावर पुढचा थर येतो. या मातीत पाणी फार थोडे, वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, असते. मुठीत दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि छातीइतक्या उंचीवरून सोडल्यावर तो चार-दोन तुकड्यांत फुटावा, ही तिची ओळख. तो पसरून चपटा झाला तर पाणी अधिक आहे, आणि भुगा झाला तर कमी आहे, असे समजावे. धुमसाचा मार वरून पडत असल्यामुळे प्रत्येक थराचा वरचा भाग घट्ट आणि तळ काहीसा सैल राहतो. साचा काढल्यावर दिसणारे आडवे पट्टे ही या घट्ट-सैलपणाचीच नोंद होय. लडाखमधील बासगोच्या किल्ल्याच्या भिंती अशाच ठोकलेल्या मातीच्या असून तेथील कोरड्या हवेत त्या उघड्यावर टिकल्या आहेत.

पनवेलची गोष्ट निराळी. येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर तिरपा येतो. पाण्याचा मार प्रथम थराच्या सैल तळाला लागतो. तेथे खाच पडते, खाचेत पाणी थांबते आणि वरचा घट्ट थर आधाराविना राहून ढासळतो. म्हणून या मुलखात थरांची भिंत उघडी ठेवण्यात अर्थ नाही. दगडी जोते, लांब वळचण, पावसाच्या बाजूला बांधलेले झाप आणि अंगावर गिलावा, ही तिच्या रक्षणाची साधने होत. ‘गिलावा’ हा शब्द फारसीतील असून त्यातील ‘गिल’ म्हणजेच चिकणमाती. चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा हा अर्थविस्तार नंतरचा.

गिलाव्याची माती आणि ठोकण्याची माती यांतला मुख्य भेद पाण्याचा आहे. हाताने थापावयाची तर माती लोण्यासारखी मऊ हवी, आणि त्यासाठी पाणी पुष्कळ घालावे लागते. चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे हे पाणी आपल्यामध्ये धरून ठेवतात व सुकताना एकमेकांजवळ सरकतात. माती आकसते ती यामुळे. ठोकलेल्या भिंतीत मुळातच पाणी थोडे असल्याने ती कमी आकसते. गिलावा अधिक आकसतो. शिवाय तो भिंतीला चिकटलेला असल्याने त्याला सरकता येत नाही, आणि आकसण्याचा हिशेब भेगांनी पुरा होतो.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहता येतो. आतून ६० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद-खोल अशी लाकडी पेटी घ्यावी, आतून तेल लावावे, तीत कालवलेली माती दाबून भरावी व सावलीत आठवडाभर सुकू द्यावी. सुकलेली पट्टी ३ सेंटिमीटरने आखूड झाली, तर आकसणे शेकडा ५ झाले. त्याच मातीत दुप्पट वाळू मिसळल्यावर पट्टी केवळ १२ मिलिमीटरने आखूड झाली असे समजू, म्हणजे शेकडा २. आता ३ मीटर लांबीच्या भिंतीवर हा दुसरा गिलावा चढविला, तर एकूण ६० मिलिमीटरचे आकसणे कोठेतरी दिसलेच पाहिजे. भेगा दर ५ सेंटिमीटरवर पडल्या, तर त्या ६० होतील व प्रत्येक १ मिलिमीटर रुंद असेल. तीतून पाणी सहज आत शिरेल. पेंढ्याचे बारीक तुकडे मिसळले असता प्रत्येक काडी भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवते, भेग रुंदावू देत नाही, आणि ताण शेजारी सरकून नवी भेग पडते. अशा रीतीने भेगा दर सेंटिमीटरला पडल्या तर त्या ३०० होतील, पण प्रत्येकीची रुंदी अवघी ०.२ मिलिमीटर राहील. प्रत्यक्षातील भेगा अर्थातच इतक्या सारख्या नसतात, परंतु तत्त्व हेच. आकसणे कमी करते ती वाळू. पेंढा ते फक्त वाटून देतो. म्हणून केसासारख्या भेगांची जाळी हा गिलाव्याचा दोष नसून काडीने आपले काम केल्याची खूण आहे.

भाताच्या या प्रदेशात हे काम पेंढा व तूस करतात. माती, पेंढा आणि पाणी एकत्र तुडवून काही दिवस भिजत ठेवतात. काडी कुजू लागून मऊ होते आणि मातीत मिसळते. पहिला जाड हात पूर्ण सुकून भेगाळल्यावरच दुसरा पातळ हात देतात, कारण खालच्या भेगांत तो घट्ट बसतो. शेवटी शेणमातीचे सारवण त्या जाळीत शिरून तिला बुजविते. भिंतीचा उबदार तांबूस रंग मातीतील लोहाच्या गंजाचा. आणि तिचा खरखरीतपणा, पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या वाळूच्या कणांचा व काड्यांच्या टोकांचा.

मात्र सर्वच भेगा निरुपद्रवी नसतात. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे जाणावे. त्याचा पोपडा काढून, जागा ओली करून पुन्हा लिंपावे लागते. कुडावर उभी, सरळ रेष उमटली तर आतली काठी हलते आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच जागी दिसणारा तिरपा तडा गिलाव्याचा नसून पायाचा असतो. तेथे सारवण करणे म्हणजे खूण झाकणे होय. पनवेलच्या खाडीकाठी आणखी एक व्याधी संभवते. वाळू किंवा माती खारी असेल, तर ओलीबरोबर मीठ पृष्ठभागाशी येऊन स्फटिकरूप होते आणि जोत्यालगतची माती पिठासारखी झडू लागते. याला ‘लोणा लागणे’ म्हणतात. या शब्दात मूळचे ‘लवण’ अद्याप शिल्लक आहे.

कटकट नको म्हणून अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, तर केसाएवढ्या भेगा दिसेनाशा होतात. परंतु भिंतीत शिरलेली ओलही बाहेर पडेनाशी होते. सिमेंटचे कवच मातीबरोबर आकसत-फुगत नाही. त्याच्या मागे माती मऊ होत जाते, आणि एखाद्या पावसाळ्यात ते कवच मोठ्या तुकड्यांनी गळून पडते तेव्हा भिंतीचे अंगही त्याबरोबर निघून येते. शेणमातीची भिंत आपली अवस्था दरवर्षी भेगांनी सांगत असते, आणि पावसानंतरचे सारवण हे त्या सांगण्याला दिलेले उत्तर असते.