टक्कल, तेल आणि क्रियापद

सकाळी ९. खामगावच्या एका छोट्या उत्पादकाच्या केशतेलाचं पान ऑनलाइन बाजारानं रात्री बंद केलंय; त्याचा मजकूर मला नव्यानं लिहायचाय. शीर्षकात ‘टक्कल घालवते, नवे केस उगवते’ असं होतं. तेलाचा परवाना सौंदर्यप्रसाधनाचा आहे. प्रसाधन स्वच्छ करतं, रूप खुलवतं. केस उगवतं म्हटलं की ते औषधाच्या हद्दीत जातं. आणि टक्कल बरं करण्याचा दावा तर औषधालाही औषध नियमांतल्या ‘जे’ अनुसूचीनं मना आहे.

१०. उत्पादकाचा फोन. “ताई, लोकं तं केस उगवतीन का हेच इचारतात ना!” खरंय. २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात माणसांचे केस काही दिवसांत गेले. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते गव्हातल्या सेलेनियमवर. पुढे काहींचे केस आपोआप परत आले. त्या आठवड्यांत डोक्याला काहीही चोळलं असतं, तरी श्रेय त्यालाच गेलं असतं. म्हणून ‘आधी-नंतर’चे फोटो मी वापरत नाही. इथल्या घाबरलेल्या माणसाला असे फोटो दाखवून तेल विकणं मला पटत नाही.

११. आता नवा मजकूर. मुळाबद्दल बोलायचं नाही, बाहेर दिसणाऱ्या केसाबद्दल बोलायचं. ‘तुटण्यामुळे होणारी केसगळती कमी’ हे प्रसाधनाला चालणारं वाक्य आहे, पण त्यासाठी तेल लावलेल्या आणि न लावलेल्या बटा सारख्याच विंचरून तुटलेले केस मोजल्याचा अहवाल लागतो. तो यांच्याकडे नाही, म्हणून वाक्य गळालं. मात्र मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलंय, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं. यांच्या तेलात मुख्य भाग खोबरेलाचाच आहे. मी लिहिलं : ‘खोबरेल आणि तीळ तेलात मंद आचेवर उकळलेला माका. न्हाण्याआधी तासभर लावा. खोबरेल केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करण्यास मदत करते. केस मऊ, गुंता सोडवायला सोपे.’ झिजेचा दावा घटकाला चिकटवला, बाटलीला नाही. कारण तपासणी खोबरेलाची झालीय, या मिश्रणाची नाही. गिऱ्हाइकाला पटवणारा भागही हाच आहे : काय उकळलं, कधी लावायचं, हाताला काय जाणवेल.

दुपारी २. मजकूर सुधारला तरी पान पुन्हा अडकतं, ते इतर जागांमुळे. शोधशब्दांच्या न दिसणाऱ्या रकान्यात ‘टक्कल उपाय’ तसाच होता, काढला. बाटलीच्या फोटोत मात्र लेबलवरच ‘नवे केस’ छापलंय.

४. ग्राहकांचे प्रश्न. एका आईनं विचारलंय, तीन महिन्यांच्या बाळाला चालेल का? उत्तर : हे तेल मोठ्यांसाठी आहे, बाळांसाठी तपासलेलं नाही. ‘नैसर्गिक आहे, चालेल’ असं उत्तर म्हणजेही दावाच.

६. उत्पादकाला कळवलं : नवं लेबल छापून, नवा फोटो आल्याशिवाय पान परत पाठवायचं नाही. छापखाना म्हणतो, गुरुवारी.