दाढेची चिठ्ठी, हृदयाची गोळी

सोमवार, रात्री

डी.फार्म.च्या परीक्षेनंतर ५०० तास मेडिकलमध्ये काढायचे असतात. त्यातले साधारण १४० झालेत. आज संध्याकाळी जे झालं ते आत्ताच लिहून काढते, नाहीतर उद्यापर्यंत मी स्वतःला त्यातून सोडवून घेईन.

साडेसातला गर्दी होती. तिशीतला एक मुलगा दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. आईची दाढ सुजलेली. अमॉक्सिसिलिन ५००, मेट्रोनिडाझोल ४००, दोन्ही दिवसातून तीनदा, आणि दुखण्यासाठी आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ. पाच दिवस. दाढेसाठी अशी चिठ्ठी दिवसाला दोन-तीन तरी येतात. मोजून दिल्या, पाकिटांवर वेळा लिहिल्या, बिल केलं.

तेवढ्यात त्याला घरून फोन आला. “हो, आणि आईची ही पण संपलीय,” म्हणत त्याने खिशातून कापलेली रिकामी स्ट्रिप काढली. असेनोकुमॅरॉल, २ मिलिग्रॅम. मी मागच्या कपाटातून दोन स्ट्रिप काढल्या आणि दुसरं बिल केलं. कॉम्प्युटरने दोन्ही बिलं निमूटपणे छापली. तो बिचारा काय बोलणार? त्याला साठा, एक्स्पायरी आणि जीएसटी एवढंच कळतं.

दोन्ही बिलांची बेरीज एकदम स्कॅन करायची होती म्हणून ती सरांपुढे शेजारी शेजारी आली. सरांनी बेरीज केलीच नाही. पिशवीवर हात ठेवला आणि मुलाला विचारलं, “आईंची झडप बदललीय का रे?”

“हो. सहा वर्षं झाली. पुण्याला केलं.”

“धातूची?”

“हो. टिक टिक आवाज येतो रात्री.”

सरांनी पिशवी उचलून आपल्या बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

सोमवार, आणखी थोडं

कॉलेजात हे शिकवलं होतं. पेपरातही आलं होतं आणि मी चार मार्क मिळवले होते. पण पेपरात दोन्ही नावं एकाच ओळीत असतात. इथे ती दोन बिलांवर, पाच मिनिटांच्या अंतराने, दोन वेगळ्या कपाटांतून निघाली.

लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ. झडप धातूची बसवली की तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. (गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो, एवढंच. पण सगळे पातळ म्हणतात, मीही म्हणते.) यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं, त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं. ही गोळी वापरून झालेलं के जीवनसत्त्व पुन्हा कामाला लागू देत नाही. किती पातळ झालं ते आय.एन.आर. या तपासणीत कळतं. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. काकूंची झडप डावीकडची, मायट्रल. तिला तो २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा असतो. खाली गेला तर झडपेवर गाठ, वर गेला तर रक्तस्राव. पट्टी एवढीच.

ही गोळी यकृतातलं एक विकर फोडून संपवतं. त्याचं नाव CYP2C9. मेट्रोनिडाझोल नेमकं त्यालाच अडवतं. गोळी तेवढीच घेतली जाते, पण फुटून बाहेर जायची वाट तुंबलेली, म्हणून रक्तात ती साठत जाते.

मंगळवार, दुपार

काल मुलाला थांबवून सरांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. “चिठ्ठी चुकलीय” असं म्हणाले नाहीत. म्हणाले, “डॉक्टर, पेशंटला धातूची मायट्रल झडप आहे, असेनोकुमॅरॉल चालू आहे, शेवटचा आय.एन.आर. तीन आठवड्यांपूर्वी २.८. तुम्ही मेट्रोनिडाझोल आणि आयबुप्रोफेन दिलंय. काय करू या?” पलीकडे क्षणभर शांतता. डॉक्टरांनी काकूंना विचारलं होतं, बीपी आहे का, शुगर आहे का. काकू नाही म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. झडपेचं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ऑपरेशन होऊन गेलं म्हणजे आजार संपला, असं त्यांना वाटतं.

मुलगा मध्येच म्हणाला, “मग पाच दिवस रक्त पातळ करायची गोळीच बंद ठेवू का?” सर पहिल्यांदा जोरात बोलले, “अजिबात नाही.” धातूच्या झडपेवर गाठ धरली तर झडप अडकते, किंवा गाठ सुटून मेंदूत जाते. दाढेपायी अर्धांगवायू परवडणारा नाही.

डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल काढलं. सूज त्यांनी चिरून पू काढलेला होता, एकटं अमॉक्सिसिलिन पुरेल म्हणाले. आयबुप्रोफेनही काढलं आणि साधं पॅरासिटामॉल ५०० दिलं, दिवसातून तीनच्या वर नाही. चौथ्या दिवशी आय.एन.आर. करायला सांगितलं, कारण अमॉक्सिसिलिनही कधी कधी आकडा थोडा वर नेतं आणि पॅरासिटामॉल भरपूर प्रमाणात रोज घेतलं तर तेही. निर्दोष असं काहीच नाही, सर म्हणाले, कमी दोषी निवडायचं. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही फोन करून कळवलं.

मी विचारलं, मेट्रोनिडाझोल ठेवून रक्ताची गोळी कमी केली असती तर? पर्यायच नसतो तेव्हा डॉक्टर तसं करतात, म्हणाले. डोस साधारण एक तृतीयांशाने उतरवतात आणि आय.एन.आर. पुन्हा पुन्हा बघतात. पण कोर्स संपला की विकर मोकळं होतं, आणि कमी केलेला डोस वाढवायचा राहून गेला तर आकडा खाली घसरतो. म्हणजे दोनदा लक्ष ठेवा. त्यापेक्षा औषध बदललेलं बरं.

मंगळवार, रात्री

आयबुप्रोफेनचं मला दुपारभर समजत नव्हतं. ते त्या विकराशी फारसं खेळत नाही. मग त्याला एवढं का घाबरायचं?

त्याची वाट निराळी. ते बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाही आणि जठराचं आतलं अस्तर कमकुवत करतं. रक्त आधीच उशिरा गोठतंय, त्यात जठरात जखम होऊ शकते आणि ती बुजवणारे बिंबाणूही सुस्त. यातला काळजीचा भाग असा की हे आय.एन.आर.मध्ये दिसतच नाही. आकडा २.८ चाच राहील आणि काकूंना काळी, डांबरासारखी शौचाला होईल. म्हणजे त्या पिशवीत दोन धोके होते, एक मोजता येणारा आणि एक न मोजता येणारा. मी दोन्हींवर छानपैकी “जेवणानंतर” लिहून दिलं होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. मेट्रोनिडाझोल सुरू केल्याच्या रात्री काही होत नाही. आधी तयार झालेले गोठवणारे घटक रक्तात असतातच. त्यातला एक काही तासांत संपतो, पण प्रोथ्रॉम्बिन निम्म्यावर यायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून त्रास दिसतो तो तिसऱ्या दिवसानंतर: ब्रश करताना रक्त, न आपटता उठलेले काळेनिळे डाग, लालसर लघवी. तोवर दाढ दुखायची थांबलेली असते आणि गोळ्यांवर कुणाला संशय येत नाही.

बुधवार

आज सरांनी सांगितलं, जुन्या चिठ्ठ्या घेऊन बस आणि तपासून दाखव. त्यांची पद्धत मी समजत होते तशी निघाली नाही. मला वाटलं, मोबाइलवर नावं टाकायची आणि लाल खूण आली की ओरडायचं.

आधी विचारायचं. औषध कुणासाठी, आणि त्या माणसाला रोजची कुठली गोळी चालू आहे. “दुसरा काही आजार?” असं विचारलं तर लोक काकूंसारखं नाही म्हणतात. “सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेता?” असं विचारलं की डबा आठवतो. मग ब्रँडचं नाव सोडून आतलं औषध लिहायचं. आपल्याकडच्या एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. काकूंची दुखण्याची गोळी म्हणजे दोन ओळी. ब्रँडचं नाव परदेशी यादीत घातलं तर काही सापडत नाही, आणि नवशिका समजतो की धोका नाही. असेनोकुमॅरॉलही तिकडच्या यादीत नाही सापडलं तर त्याच कुळातलं वॉरफरिन घालून बघायचं.

काकूंची सगळी औषधं, त्यांची मेटोप्रोलॉल आणि फ्युरोसेमाइडही, मी एकत्र टाकली. इशाऱ्यांची रांग लागली. घाबरून मी सगळ्या लिहून घेतल्या. सरांनी प्रत्येकीपुढे तीन प्रश्न लिहायला लावले: काय होईल, कधी होईल, आणि आपण काय बदलू शकतो? आयबुप्रोफेनने फ्युरोसेमाइडचा लघवी आणण्याचा परिणाम कमी होतो आणि मेटोप्रोलॉलचाही थोडा. पाच दिवसांसाठी ते फार नाही. डॉक्टरांना रात्री आठला फोन करायचा तो फक्त रक्ताच्या गोळीसाठी. प्रत्येक इशाऱ्याला फोन करणाऱ्याचा फोन पुढे कुणी उचलत नाही, हे त्यांचं मत. मला ते पटायला दिवस गेला.

गल्ल्याच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागद चिकटवलाय. वॉरफरिन-असेनोकुमॅरॉल, डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, थिओफिलिन, मेथोट्रेक्सेट. जरासं कमी-जास्त झालं की बिघडणारी औषधं. यातलं एकही रुग्णाच्या डब्यात असेल तर नवी गोळी तपासल्याशिवाय पिशवीत जात नाही. तो कागद तिथे पहिल्या दिवसापासून होता. मी रोज त्याच्यावरून सुटे पैसे काढत होते.

शुक्रवार

सकाळी एक आजोबा आले. “जुलाबाची ती दोन औषधांची एकत्र गोळी दे गं.” म्हणजे ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल. चिठ्ठी नाही, म्हणून द्यायची नव्हतीच, पण मी विचारलं, “आजोबा, सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेता?” शुगरची आणि “ती उंदराच्या औषधातली.” त्यांना कुणीतरी सांगितलेलं. खोटं नाही ते. वॉरफरिन अमेरिकेत १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. ऑर्निडाझोल हा मेट्रोनिडाझोलचाच भाऊबंद, आणि ऑफ्लॉक्सॅसिनही या गोळीचा परिणाम वाढवू शकतं. मी जलसंजीवनीची पाकिटं दिली आणि त्यांना समोरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्ताच्या गोळीचं नाव कागदावर लिहून. ते कुरकुरत गेले.

दुपारी काकूंचा मुलगा आय.एन.आर.चं कार्ड घेऊन आला. ३.१. सूज उतरलीय. दाढ तीन आठवड्यांनी काढणार आहेत. आदल्या दिवशी पुन्हा आय.एन.आर., आणि झडपेला संसर्ग होऊ नये म्हणून दाढ काढण्याआधी तासभर अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदम. झडपेचं कळलं नसतं तर हेही राहिलं असतं. मुलाने कार्डाचा फोटो काढून आईच्या मोबाइलवर पहिल्या पानावर लावलाय.

सरांनी आज मला त्या कागदाची नवीन प्रत करायला सांगितली, जुनी नोटांनी झिजलीय. मी मोठ्या अक्षरात लिहून गल्ल्याऐवजी बिलाच्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली.