पिन पाठवली, आता रस्ता सांगा

"दादा, लोकेशन टाकलंय. तिथेच उभी आहे. लवकर या." रिक्षा बोलावणाऱ्यांचे असे निरोप रोज जातात. थोड्या वेळाने रिक्षावाल्याचा फोन येतो, "ताई, मी लोकेशनवरच आहे, तुम्ही कुठे आहात?" दोघेही खरं बोलत असतात. नकाशावर दोघांमध्ये बोटभर अंतर असतं आणि प्रत्यक्षात मध्ये एखादी इमारत, दुभाजक किंवा उड्डाणपूल उभा असतो.

पिन म्हणजे अक्षांश आणि रेखांश अशा दोन आकड्यांची जोडी. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस आपली जागा साधारण पाच मीटरच्या आतबाहेर अचूक सांगतं. पण दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती असलेल्या गल्लीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोहोचतात, त्यांची वाट लांबते आणि फोनचा हिशोब चुकतो. घरात तर फोनला आसपासचं वायफाय आणि मोबाइलचे टॉवर यांवरून अंदाज बांधावा लागतो. नकाशात आपल्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते या अंदाजाचं माप आहे. आपण वर्तुळात कुठेतरी आहोत, एवढंच फोनला ठामपणे म्हणायचं असतं. वर्तुळ मोठं असताना पाठवलेली पिन शेजारच्या गल्लीत जाऊन पडली, तर त्यात नवल नाही.

म्हणून घरातल्या सोफ्यावर बसून पिन पाठवू नये. खाली उतरावं, रिक्षा जिथे थांबायला हवी तिथे उभं राहावं, वर्तुळ आक्रसेपर्यंत थोडं थांबावं आणि मग पाठवावं. खाली उतरायचं नसेल, तर नकाशा बोटाने सरकवून पिन आपल्या गेटसमोरच्या रस्त्यावर ठेवता येते. इमारतीच्या मधोमध पडलेल्या पिनला आणखी एक अडचण असते. नकाशाचं ॲप रिक्षाला इमारतीच्या पोटात नेऊ शकत नाही. ते पिनच्या जवळात जवळचा रस्ता शोधतं आणि तिथे प्रवास संपवतं. तो रस्ता मागच्या बाजूचा, कचऱ्याच्या डब्यांचा आणि कायम कुलूप असलेल्या फाटकाचा असू शकतो. पुण्याच्या जुन्या पेठांत एखादी इमारत एका गल्लीत सुरू होऊन दुसऱ्या गल्लीत संपते. तिथे तर हे सतत घडतं.

पण पिन अगदी अचूक पडली, तरी काही गोष्टी ती सांगूच शकत नाही. त्यासाठी पुण्यातलं नळस्टॉप हे उत्तम उदाहरण आहे.

कर्वे रस्त्यावरच्या या चौकात तीन थर आहेत. सर्वांत वर मेट्रोचा मार्ग, ज्यावरची वनाज ते गरवारे कॉलेज ही सेवा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. त्याखाली वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही खाली मूळ चौक. आकाशातून पाहणाऱ्या नकाशाला हे तिन्ही थर एकाच जागी दिसतात. कोथरूडकडून आलेली रिक्षा पुलावर चढली, तर ती अगदी पिनच्या डोक्यावरून जाईल आणि ॲपच्या दृष्टीने पोहोचलेलीही असेल. खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती दिसणारसुद्धा नाही. पुढे उतरून, वळून परत यायला गर्दीच्या वेळी किती वेळ लागतो, हे त्या भागातल्या कोणालाही विचारावं.

समजा, नळस्टॉपजवळ राहणाऱ्या एका बाईंना वडिलांना घेऊन दवाखान्यात जायचं आहे. वडील वॉकर घेऊन चालतात. नेहमीचे रिक्षावाले कोथरूडकडून निघणार आहेत. बाईंनी खाली उतरून पिन पाठवली आणि लगेच तिच्याखाली आवाजी निरोप जोडला. दोन्ही एकाखाली एक राहिले, की शोधायला सोपे पडतात. निरोप असा असावा:

"दादा, नळस्टॉपवरून बोलतेय. तुम्ही कोथरूडकडून येताय ना? मग नळस्टॉपच्या पुलावर चढू नका, खालून या. चौकात डावीकडे लॉ कॉलेज रोडला वळा. वळलात की डाव्या हातालाच औषधांचं दुकान आहे, हिरवी पाटी. त्याला लागून काळं लोखंडी गेट आहे, त्या गेटपाशी थांबा. मी आणि बाबा तिथेच उभे आहोत, बाबांकडे वॉकर आहे. पुढे बँकेचं एटीएम दिसलं, तर समजा गेट मागे राहिलं. तिथेच थांबा आणि फोन करा."

दुकान, गेट आणि एटीएम उदाहरणापुरते धरले आहेत. निरोपाची बांधणी मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिलं काम बाईंनी केलं ते रिक्षा कुठून येणार हे पक्कं करण्याचं. ते ठरल्याशिवाय डावं, उजवं, पुढे, मागे, अलीकडे, पलीकडे यांपैकी एकाही शब्दाला अर्थ नाही. गॅलरीत उभं राहून रस्त्याकडे पाहणाऱ्याचा डावा हात आणि हँडल धरलेल्याचा डावा हात वेगवेगळे असू शकतात. "बँकेच्या समोर" हे तर सर्वांत घातकी. काही जण बँकेच्या दारातच उभे असतात आणि तसं म्हणतात, तर काही रस्ता ओलांडून पलीकडे. मध्ये दुभाजक असेल, तर या एका शब्दापायी रिक्षाला पुढच्या चौकातून वळसा पडतो. "बँकेच्याच बाजूला, दाराशी" किंवा "रस्त्याच्या पलीकडे, बँकेकडे तोंड करून" असं म्हटलं, की प्रश्न मिटतो.

दुसरं, खुणा रस्त्यात ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने आल्या. लिहिलेल्या मजकुरावरून नजर मागेपुढे फिरवता येते, आवाजावरून तशी फिरवता येत नाही. ऐकणारा शब्दामागे शब्द घेत जातो आणि मनात रस्ता उभा करतो. आधी गेट, मग दुकान आणि मग आठवण आल्यावर पूल, असं सांगितलं, तर त्याला सगळं उलटं जुळवावं लागतं. त्यात पूल हाच मुद्दा आधी हवा होता, कारण तिथे चुकलं की पुढच्या सगळ्या खुणा फुकट जातात.

आणि तिसरी गोष्ट एटीएमची. ते थांबण्याच्या जागेच्या पुढे आहे, तरीही निरोपात आहे. पुढे गेल्याची खूण सांगितली, की चुकलेला माणूस लवकर सावरतो. ती नसेल, तर तो अजून गेट यायचं आहे असं समजून पुढेच जात राहतो. अनुभवी लोक पत्ता सांगताना हे सहज करतात, पण पिन हाताशी आल्यापासून ही सवय सुटत चालली आहे.

खूण निवडताना आपण रिक्षात, पुढच्या सीटवर बसलो आहोत असं मानावं. वर छत, समोर छोटी काच. चालकाला रस्त्यालगतचं, डोळ्यांच्या उंचीचं दिसतं. तिसऱ्या मजल्यावरचा क्लासचा बोर्ड त्याच्यासाठी नसल्यातच जमा. रंग आणि आकार चालत्या गाडीतून पटकन ओळखू येतात, बारीक अक्षरं येत नाहीत. मेट्रोच्या खांबांवर मोठ्या आकड्यांत क्रमांक लिहिलेले असतात, त्यामुळे कर्वे रस्त्यासारख्या सरळ, लांब रस्त्यावर ते फार उपयोगी पडतात. क्रमांक सांगताना मात्र एकेक आकडा सुटा म्हणावा, नाहीतर इंजिनाच्या आवाजात एकसष्ट आणि एकाहत्तर सारखेच ऐकू येतात.

खुणेला वेळही असतो. संध्याकाळची पाणीपुरीची गाडी सकाळी तिथे नसते. दुपारी बंद असलेल्या दुकानाची पाटी दिसते, पण दुकान "उघडं आहे, गर्दी आहे" अशी खूण दिली असेल, तर फसगत होते. गणेशोत्सवात मांडवामुळे नेहमीची गल्लीच बंद असू शकते आणि नकाशाला ते कळलेलं असेलच असं नाही. झाड, देऊळ, शाळेची भिंत, पेट्रोल पंप या खुणा रात्रंदिवस टिकतात. नावांबाबतही चालकाच्या तोंडचं नाव घ्यावं. पुण्यातल्या लोकमान्य टिळक चौकाला रिक्षावाले अलका टॉकीज म्हणतात आणि स्वारगेटला जेधे चौक म्हटलं, तर क्षणभर विचार करावा लागतो.

एकेरी रस्त्यांचा विचार पिनने नव्हे, माणसाने करायचा असतो. फर्ग्युसन रस्ता गुडलक चौकाच्या दिशेने वाहतो, तर जंगली महाराज रस्ता डेक्कनकडून उलट दिशेने. गुडलक चौकात उभ्या असलेल्या रिक्षाला फर्ग्युसन कॉलेजच्या गेटवरची पिन अगदी जवळ दिसते, पण सरळ जाता येत नाही. तिला जंगली महाराज रस्त्याने वर जाऊन वळून यावं लागतं. अशा वेळी धडधाकट माणसाने "मीच चालत गुडलक चौकात येते" असं सांगितलं, तर दोघांचाही वेळ वाचतो. वॉकर घेतलेल्या वडिलांना ते जमणार नाही, मग वळशाचा वेळ धरून आधीच निघायला सांगावं.

मुंबईत हीच गोष्ट पूर्व आणि पश्चिम या दोन शब्दांवर ठरते. अंधेरी किंवा कुर्ल्याला स्टेशनच्या पादचारी पुलावरून पिन पाठवली, तर ती रुळांवर पडते. पायी दोन मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण रिक्षाला दूरचा पूल किंवा भुयारी मार्ग गाठावा लागतो. त्यामुळे निरोपाची सुरुवातच "पश्चिमेला उतरतोय" अशी हवी. शिवाय वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही, तेव्हा माहीममधून पाठवलेली पिन कितीही अचूक असली, तरी तिथे रिक्षा येणार नाही.

निरोप पाठवायची वेळही महत्त्वाची आहे. चालक निघण्यापूर्वी, स्टँडवर असतानाच तो त्याच्या हाती पडायला हवा. चालत्या रिक्षात फोन कानाला लावणं धोक्याचं आहे आणि दंडाचंही. निरोप अर्ध्या मिनिटाच्या आसपास असला, की तो पुन्हा एकदा ऐकणं जड जात नाही. ऐकल्यावर चालकाने शेवटची खूण उलट सांगितली, "औषधाच्या दुकानाजवळचं काळं गेट, खालून येतो", की निरोप नीट पोहोचला.

आपणच चालत असू, एखाद्या मोठ्या मैदानाच्या किंवा रुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडत असू, तर स्थिर पिनपेक्षा व्हॉट्सॲपमधलं Share live location बरं. त्याला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास अशा मुदती आहेत. रिक्षासाठी १५ मिनिटं पुष्कळ झाली. गाडीत बसल्यावर ते बंद करायला विसरू नये, कारण तोवर आपला प्रत्येक मुक्काम समोरच्याला दिसत राहतो. नेहमीच्या फेऱ्यांसाठी मात्र एकदा नीट ठेवलेली पिन आणि नीट बोललेला निरोप चालकाने तारांकित करून ठेवला, की पुढच्या वेळी "दादा, त्याच गेटवर, दहा वाजता" एवढं पुरतं. पुलाची किंवा रस्त्याची व्यवस्था बदलली, तर तेवढा नवा निरोप पाठवायचा.