महिन्यातून एकदा चालणारे काम

एखाद्या पतसंस्थेचे ३६ हजार खातेदार आहेत आणि दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकाचा मागील महिन्याचा खातेउतारा पीडीएफ करून ठेवायचा आहे, असे धरू. एक उतारा तयार व्हायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे एका प्रोसेसरवर हे काम १८ हजार सेकंद, अर्थात पाच तास चालेल. उरलेले सगळे दिवस त्याला काहीच करायचे नाही. अशा अधूनमधून येणाऱ्या गठ्ठाकामाला बॅच जॉब म्हणतात. ते क्लाउडवर चालवायचे तीन मार्ग आहेत: फंक्शन, क्लस्टर आणि सर्व्हरलेस कंटेनर.

फंक्शनचा मार्ग सर्वांत हलका वाटतो. ॲमेझॉनची लॅम्डा ही सेवा २०१४ मध्ये जाहीर झाली. तिला प्रोग्रॅम द्यायचा, एखादी घटना घडली की ती तो चालवते आणि चालला तेवढ्याच वेळाचे पैसे घेते. पण लॅम्डाचे एक आवाहन जास्तीत जास्त १५ मिनिटे चालते. पाच तासांचे काम तिथे सरळ बसत नाही. ते पाचशे-पाचशे खात्यांच्या ७२ तुकड्यांत कापावे लागते, तुकडे रांगेत लावावे लागतात आणि शेवटचा तुकडा संपला की नाही हे पाहणारी वेगळी यंत्रणा उभारावी लागते. उतारे बनवणारा प्रोग्रॅम शंभर ओळींचा आणि त्याभोवतीची जुळवाजुळव तीनशे ओळींची, असा प्रकार होतो.

क्लस्टरची अडचण उलटी आहे. कुबरनेटीसमध्ये क्रॉनजॉब नावाची सोय आहे, तिला वेळेची मर्यादा नाही आणि ती कितीही मोठे काम पेलते. मात्र काम असो वा नसो, क्लस्टर उभाच असतो. ॲमेझॉनच्या ईकेएस सेवेत नुसत्या नियंत्रण भागाचे भाडे तासाला १० सेंट आहे. महिन्याचे ७३० तास धरले तर ७३ डॉलर. प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रांचा खर्च वेगळा. शिवाय कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात. क्लस्टर वेळेवर अद्ययावत केला नाही आणि आवृत्ती वाढीव आधाराच्या काळात गेली, तर तेच भाडे तासाला ६० सेंट होते. महिन्यातून एकदाच आठवण होणाऱ्या क्लस्टरबाबत हे सहज घडते. संस्थेत दुसऱ्या कामांसाठी क्लस्टर आधीच चालू असेल, त्याकडे लक्ष देणारी माणसे असतील, तर मात्र हिशेब बदलतो. तिथे आणखी एक क्रॉनजॉब टाकणे हाच शहाणपणा.

सर्व्हरलेस कंटेनर या दोहोंच्या मधला. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका इमेजमध्ये बांधायचे आणि ती प्लॅटफॉर्मकडे सोपवायची. यंत्र कुठले, ते कोण सांभाळते, याच्याशी वापरणाऱ्याचा संबंध नाही. ॲमेझॉनची फारगेट २०१७ मध्ये आली, गूगलची क्लाउड रन २०१९ मध्ये. खर्चाचा अंदाज फारगेटच्या व्हर्जिनियातील दरांवरून येतो. प्रोसेसरचा दर तासाला ०.०४०४८ डॉलर आणि मेमरीचा दर जीबीमागे तासाला ०.००४४४५ डॉलर. एक प्रोसेसर आणि दोन जीबी मेमरी पाच तास वापरली तर बिल सुमारे २५ सेंट होते. वीस यंत्रांवर पाव पाव तास चालवले तरी जवळपास तेवढेच.

मराठी उताऱ्यांसाठी ‘सगळे सामान’ या शब्दांना विशेष अर्थ आहे. आटोपशीर इमेजमध्ये बहुधा देवनागरी फॉन्ट नसतो. काम बिनचूक संपल्याची नोंद होते आणि पीडीएफमध्ये नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. इमेज बांधतानाच फॉन्ट आणि जोडाक्षरे नीट जुळवणारी लायब्ररी तिच्यात घातली, की विकासकाच्या संगणकावर दिसणारा उतारा आणि १ तारखेचा उतारा सारखाच निघतो.

क्लाउड रनवर हे काम पुढीलप्रमाणे मांडता येते:

```
gcloud run jobs deploy khate-utare \
  --image asia-south1-docker.pkg.dev/PROJECT/REPO/utare:1 \
  --region asia-south1 --tasks 20 \
  --cpu 1 --memory 2Gi \
  --task-timeout 30m --max-retries 1
```

`asia-south1` म्हणजे मुंबई. एकाच इमेजच्या वीस प्रती म्हणजे वीस टास्क चालतात आणि प्रत्येकीला आपला क्रमांक प्लॅटफॉर्मकडून मिळतो. त्यावरून ती आपला वाटा उचलते:

```
i = int(os.environ["CLOUD_RUN_TASK_INDEX"])
n = int(os.environ["CLOUD_RUN_TASK_COUNT"])
maze = khati[i::n]
```

प्रत्येकीच्या वाट्याला १,८०० खाती येतात, वेळ १५ मिनिटे. `khati` ही यादी मात्र सर्व टास्कना एकाच क्रमाने मिळायला हवी. क्रम न ठरवता डेटाबेसकडून यादी मागवली, तर काही खाती दोघींकडे जातात आणि काही कोणाकडेच जात नाहीत. म्हणून यादी खाते क्रमांकाने लावायची आणि महिनाअखेरपर्यंत उघडलेल्या खात्यांवरच थांबवायची.

आज्ञेतील बाकीचे आकडेही विचार करूनच द्यावे लागतात. टास्कची वेळमर्यादा दिली नाही तर ती १० मिनिटे धरली जाते आणि अपयशानंतर तीनदा पुन्हा प्रयत्न होतो. १५ मिनिटांची टास्क मग बाराशेव्या उताऱ्याच्या आसपास तोडली जाते, पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा तिथेच तुटते. असे चार वेळा घडते, बिलही तेवढ्या वेळाचे येते. प्रत्येक प्रयत्नाच्या नोंदी बरोबर दहाव्या मिनिटाला थांबलेल्या दिसल्या, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्यात अर्थ नाही.

मेमरीचा आकडा याहून फसवा. क्लाउड रनमध्ये कंटेनरच्या आत लिहिलेली फाइल डिस्कवर जात नाही, मेमरीतच राहते. दीडशे केबीचे १,८०० उतारे तात्पुरते साठवले तर २७० एमबी त्यातच जातात, आणि मूळची मर्यादा ५१२ एमबीच असते. टास्क दर वेळी साधारण एकाच उताऱ्याजवळ कोलमडते आणि मेमरीची मर्यादा ओलांडल्याची ओळ नोंदीत सापडते. प्रत्येक उतारा तयार होताच क्लाउड स्टोरेजमध्ये पाठवून आतली प्रत पुसली, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

भारतात आणखी एक खड्डा नेहमीचा. कंटेनरचे घड्याळ बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. १ मे रोजी रात्री साडेबाराला काम सुरू झाले, तर कंटेनरच्या लेखी ३० एप्रिलचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. ‘मागचा महिना’ म्हणून तो मार्चचे उतारे काढून मोकळा होतो. महिना घड्याळावरून न काढता बाहेरून दिलेला बरा.

पुन्हा प्रयत्न होणार हे गृहीत धरले, की फाइलचे नावही ठरून जाते: खाते क्रमांक आणि महिना. तीच टास्क दुसऱ्यांदा चालली तरी जुनी फाइल बदलली जाते, नवी वाढत नाही. ईमेल परत घेता येत नाही, म्हणून ती याच टास्कमधून पाठवू नये. उतारा स्टोरेजमध्ये आला की त्या एका फाइलची ईमेल पाठवणे हे दोन सेकंदांचे, घटनेवर अवलंबून असलेले काम आहे. फंक्शन त्यासाठीच असते. घटनेची सूचना कधी दोनदाही येऊ शकते, त्यामुळे पाठवण्याआधी त्या खात्याची नोंद तपासावी लागते. सकाळी स्टोरेजमधल्या फाइली मोजल्या आणि त्या ३६ हजार भरल्या, की काम पूर्ण झाले असे धरता येते. वीसही टास्क यशस्वी झाल्याची हिरवी खूण एवढे सांगत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम शून्य परतीचा संकेत देऊन बंद झाला, एवढाच तिचा अर्थ.