पहिल्या दोन ओळींचं काय करायचं?

साड्यांच्या दुकानाची महिन्याची विक्री कधीच सरळ रेषेत चालत नाही. लग्नसराईत गल्ला भरतो, आषाढात ओस पडतो. दिवाळी तर तारीखही बदलते: 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. त्यामुळे ‘गेल्या ऑक्टोबरपेक्षा यंदाचा ऑक्टोबर पडला’ असं कुणी घाबरून म्हणालं, तर दोष धंद्याचा नसून पंचांगाचा असू शकतो. म्हणून तीन महिन्यांची सरकती सरासरी काढतात. चालू महिना आणि मागचे दोन, यांची बेरीज भागिले तीन. महिना पुढे सरकला की जुना एक गळतो, नवा एक येतो. नोव्हेंबरच्या सरासरीत सप्टेंबर ते नोव्हेंबर येतात, म्हणजे दिवाळी अलीकडे आली काय नि पलीकडे गेली काय, तिची बहुतेक खरेदी त्यात धरली जाते.

समजा, एका दुकानाची एप्रिलपासूनची विक्री लाखांत अशी आहे: 18, 24, 9, 6, 12, 15, 33. जूनची सरासरी 17 येते. पुढे जुलै 13, ऑगस्ट 9, सप्टेंबर 11 आणि ऑक्टोबर 20. सहा ते तेहतीस एवढी उडी घेणारे आकडे आता नऊ ते वीस यांच्यात आले. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. प्रत्यक्षात सर्वांत वाईट महिना जुलै होता, सरासरीत तो तळ ऑगस्टला दिसतो. मागे पाहणारी सरासरी अशी महिनाभर उशिरा बोलते. ऑगस्टमध्ये विक्री जुलैच्या दुप्पट झालेली असताना तक्त्यावर घसरणच दिसत असते.

आता एप्रिल आणि मे. एप्रिलला मागचे दोन महिने तक्त्यात नाहीत, मेला एक नाही. एक्सेलमध्ये सरकत्या सरासरीचं तयार साधन वापरलं तर या दोन जागी #N/A येतं. ते साहेबांना दाखवायला बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी तिथे शून्य भरतं, किंवा नसलेले महिने शून्य धरून भागाकार करतं. दुसऱ्या प्रकारात एप्रिल 6, मे 14 आणि जून 17 असे आकडे येतात. धंदा दोन महिन्यांत जवळजवळ तिप्पट! ही वाढ निव्वळ भागाकारातून जन्मलेली आहे.

दुसरी तऱ्हा अधिक सभ्य वाटते. जेवढे महिने हाताशी आहेत, तेवढ्यांचीच सरासरी: एप्रिलला 18, मेला 18 आणि 24 यांची 21, मग जूनला 17. इथे शून्य नाही, पण एकाच रकान्यात तीन वेगवेगळ्या मापांचे आकडे बसले आहेत. एप्रिलचा आकडा तर मुळीच सपाट केलेला नाही, तो कच्चाच आहे.

योग्य उपाय साधा आहे, फक्त चोपडी थोडी मागे उलटावी लागते. फेब्रुवारीत 15 आणि मार्चमध्ये 12 विक्री झाली असेल, तर एप्रिलची खरी सरासरी 15, मेची 18, जूनची 17. म्हणजे मे ते जून घसरण चार लाखांची नव्हती, एकाच लाखाची होती. अहवाल एप्रिलपासून हवा असेल तर आकडे फेब्रुवारीपासून घ्यावेत, सरासरी काढावी आणि मगच पहिल्या दोन ओळी गाळाव्यात. दुकानच एप्रिलमध्ये उघडलं असेल, तर त्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. एक्सेलच्या आलेखासाठी तिथे `NA()` लिहावं. सूत्रातून `""` आणलं तर घर रिकामं दिसतं, पण आलेखाची रेषा शून्यावर आपटते.

पायथनच्या पांडाज लायब्ररीत जागा आपोआप रिकाम्या राहतात:

```python
df["avg3"] = df["sales"].rolling(3).mean()
```

त्यात `min_periods=1` लिहिलं की अर्धवट सरासरी येते. एसक्यूएलमध्ये `ROWS BETWEEN 2 PRECEDING AND CURRENT ROW` लिहिलं, तर अर्धवट सरासरी न सांगताच मिळते. तिथे ओळी मोजून तीनपेक्षा कमी असतील तर उत्तर कोरं ठेवण्याची अट स्वतः घालावी लागते. शिवाय ही साधनं महिने मोजत नाहीत, ओळी मोजतात. एखादा महिना दुकान बंद असल्याने त्याची ओळच नसेल, तर ‘तीन महिने’ गुपचूप चार महिन्यांवर पसरतात.

सर्वांत फसवी चूक अनेक शाखांच्या तक्त्यात होते. दादरच्या ओळी संपल्या की खाली लगेच ठाण्याच्या सुरू होतात, आणि ठाण्याच्या पहिल्या महिन्यात दादरचे शेवटचे दोन महिने मिसळतात. आकडा भरलेला असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. म्हणून आधी शाखेनुसार गट पाडावेत आणि मग रिकाम्या जागा मोजाव्यात. प्रत्येक शाखेमागे दोन, म्हणजे वीस शाखांना चाळीस. सगळ्या तक्त्यात मिळून दोनच निघाल्या, तर शाखा एकमेकींत सांडल्या आहेत.