मुलाखतीनंतरचा चार ओळींचा मेल

आभाराचा मेल पॅनेलच्या हाती पडतो तेव्हा बऱ्याचदा मार्क देऊन झालेले असतात. जरा शिस्तीने चालणाऱ्या कंपनीत उमेदवार दाराबाहेर पडला की पॅनेलवरचा प्रत्येक जण आपापल्या फॉर्मवर आकडे टाकतो आणि दोन ओळींचा शेरा लिहितो. एकमेकांचे फॉर्म आधी बघायचे नाहीत, असा नियमही काही ठिकाणी असतो. मग एक-दोन दिवसांत सगळे एकत्र बसतात आणि कोणाला घ्यायचं ते ठरवतात. आपला मेल येतो तो या दोन टप्प्यांच्या मधे. त्याने नापास माणूस पास होत नाही. पण दोघं-तिघं उमेदवार जवळपास सारखे असले आणि एखाद्याच्या उत्तरावर पॅनेलमध्ये दुमत असलं, तर त्याच उत्तराला धरून आलेल्या चार ओळी बैठकीत कुणीतरी काढतो. मेलचा उपयोग व्हायचा तर तो इथे होतो.

नेहमीच्या मेलचा तसा उपयोग होत नाही. ‘आपण अमूल्य वेळ दिलात, कंपनीविषयी खूप शिकायला मिळालं, संधी मिळाल्यास सोनं करीन’ हा मजकूर एकाच दिवशी आलेल्या पाच उमेदवारांपैकी कुणीही कुणाच्याही नावाने पाठवू शकतो. मुळात मुलाखतीनंतर आभार कळवण्याची पद्धत अमेरिकन कचेऱ्यांत फार रुजलेली आहे, आणि आपल्याकडे ती बहुराष्ट्रीय कंपन्यांबरोबर, आयटीबरोबर आली. येताना तिच्यासोबत हा तयार मसुदाही आला. वाचणारा तो वाचत नाही. आला एवढंच बघतो.

नेमका मुद्दा म्हणजे काय, ते एका नमुन्यावर बघू. भिवंडीच्या एका औषध वितरकाच्या गोदामात क्वालिटी एक्झिक्युटिव्हची जागा आहे. उमेदवार बी. फार्म. झालेली मुलगी, दुसऱ्या वितरकाकडे तीन वर्षं काम केलेली. समोर चौघं: गोदामाचे प्रमुख, क्वालिटीच्या मॅडम, वाहतूक सांभाळणारे साहेब आणि एचआर. प्रश्न येतो, मे महिन्यात इन्शुलिनचे खोके रात्रीच्या गाडीने नांदेडला पाठवायचे आहेत, पॅकिंग कसं कराल?

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं, हे तिला पाठ आहे. मराठवाड्यातला उन्हाळा, गाडीला होणारा उशीर, थर्माकोलच्या पेटीची जाडी, आइस पॅक किती, सगळं ती व्यवस्थित सांगते. मग क्वालिटीच्या मॅडम विचारतात, “उन्हाचं झालं. थंडीचं काय?” प्रश्न खोल आहे. फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक शून्याच्या खाली बराच गार असतो, आणि त्याला चिकटून ठेवलेलं इन्शुलिन भर उन्हाळ्यात गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी ते वापरायचं नसतं. उकाड्याच्या धास्तीने आणखी दोन पॅक कोंबणारा माणूस नेमकं हेच नुकसान करतो. मुलगी उत्तर देते: पाण्याचे पॅक फ्रीझरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग पेटीत भरायचे. बर्फ वितळू लागला म्हणजे पॅक शून्यावर आला, ही त्याची साधी खूण. बरोबर उत्तर. पण पुढचा प्रश्न येतो, “आणि डेटा लॉगर कुठे ठेवाल?” ती म्हणते, “मधोमध.” मॅडम मान हलवतात, काही बोलत नाहीत, वाहतुकीचे साहेब दुसरा विषय काढतात.

तपमानाची नोंद ठेवणारा लॉगर पेटीच्या मधोमध ठेवला तर तो मधलं तपमान सांगतो, आणि ते सगळ्यात कमी चिंतेचं असतं. गोठण्याची भीती पॅकला लागून असलेल्या औषधाला, आणि तीही सुरुवातीच्या तासांत. उलट पॅक विरघळून गेल्यावर आधी तापतो तो पेटीचा वरचा कोपरा. मधल्या लॉगरचा आलेख सरळ आला तरी कडेचा माल खराब झालेला असू शकतो. मुलीला हे लोकलमध्ये बसल्यावर सुचतं, जसं ते सगळ्यांनाच बाहेर पडल्यावर सुचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहिते:

“नमस्कार. काल क्वालिटी एक्झिक्युटिव्हच्या मुलाखतीसाठी आपण सर्वांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. इन्शुलिनच्या पेटीत लॉगर कुठे ठेवाल, या मॅडमच्या प्रश्नाला मी ‘मधोमध’ असं उत्तर दिलं होतं. ते अपुरं होतं. नवं पॅकिंग तपासताना मी एक लॉगर आइस पॅकला लागून असलेल्या खोक्यापाशी, एक वरच्या कोपऱ्यात आणि एक मधे ठेवीन, आणि त्यातून सगळ्यात वाईट जागा कोणती ते कळल्यावर रोजच्या गाडीत लॉगर त्या जागी ठेवीन. या कामात मला रस आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावे.”

प्रत्यक्षात असा मेल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जाईल, पण मांडणी हीच. यात कंपनीची स्तुती नाही, स्वतःची नाही, आणि माफीही नाही. चुकलेल्या उत्तराबद्दल ‘क्षमस्व, मी घाबरले होते’ असं लिहिलं असतं तर पॅनेलच्या लक्षात घाबरणं राहिलं असतं. तिने ‘अपुरं होतं’ एवढंच म्हटलं आणि पुढच्या वाक्यात ते पुरं केलं. शिवाय ‘नवं पॅकिंग तपासताना’ आणि ‘रोजच्या गाडीत’ हा फरक केला. प्रत्येक पेटीत तीन लॉगर टाकणं वितरकाला परवडत नाही, हे गोदामात काम केलेल्यालाच माहीत असतं. क्वालिटीच्या मॅडमना बैठकीत सांगायला एक वाक्य मिळालं: ‘तिने उत्तर दुरुस्त केलंय, आणि खर्चाचंही भान ठेवलंय.’

मुद्दा चुकलेल्या उत्तराचाच हवा असं नाही. पॅनेलवरच्या कुणी आपल्या कामातली अडचण सांगितली असेल आणि आपण असं काम आधी केलं असेल, तर तोही चालतो. निवडीची कसोटी एकच: मेलमधून आपलं नाव झाकलं, तर त्या दिवशीचा दुसरा उमेदवार हाच मेल पाठवू शकला असता का? शकला असता तर मुद्दा नेमका नाही. पण एकच घ्या. तीन उत्तरांची डागडुजी करणारा मेल वाचून वाटतं, मुलाखतीत याचं काहीच धड झालं नसावं. आणि दुरुस्ती दोन-तीन वाक्यांत बसत नसेल तर ती सोडून दुसरा मुद्दा शोधा. सोबत पीडीएफ जोडणारे उत्साही लोक असतात, ती पीडीएफ कुणी उघडत नाही.

पॅनेल असल्यामुळे एक वेगळी अडचण येते. मुद्दा एकाने काढलेला असतो आणि मेल चौघांना जातो. म्हणून प्रश्न कुणाचा होता ते मेलमध्ये यायला हवं, नाहीतर बाकीच्यांना संदर्भ लागत नाही आणि ज्याचा प्रश्न होता त्याला आपलं ऐकलं गेल्याचं कळत नाही. चौघांना चार वेगळे मेल लिहावेत असा सल्ला अनेक जण देतात. माझं मत उलट आहे. हे लोक शेजारी बसतात आणि मेल एकमेकांना दाखवतात. चार मेलांत फक्त नाव बदललेलं दिसलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं, आणि चौघांना चार खरोखरचे मुद्दे लिहिण्याइतकं मुलाखतीत घडलेलं क्वचितच असतं. सर्वांना मिळून एक मेल पुरतो.

पत्ते कुठून आणायचे? मुलाखतीचं ऑनलाइन आमंत्रण आलं असेल तर पॅनेलवरच्यांचे पत्ते त्यातच दिसतात. नसतील तर एचआरला मेल पाठवून ‘पॅनेलपर्यंत पोहोचवावा’ अशी विनंती करायची, ती सहसा मान्य होते. अंदाजाने पत्ते जुळवू नयेत. आणि कुठूनतरी नंबर मिळवून व्हॉट्सअॅपवर तर मुळीच लिहू नये. नावांची स्पेलिंगं आमंत्रणावरून ताडून घ्या. पॅनेलवर बाई असताना ‘डिअर सर्स’ने सुरू होणारे मेल अजून येतात, आणि या नमुन्यात तर प्रश्न विचारणारी व्यक्तीच बाई आहे.

मेल त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जावा, कारण पॅनेल कधी बसेल ते आपल्याला माहीत नसतं. त्यासाठी इमारतीतून बाहेर पडल्या पडल्या पाच मिनिटं कुठेतरी थांबून कोणी काय विचारलं ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. घरी पोहोचेपर्यंत प्रश्न आठवतो, पण कुणी विचारला ते विसरतं. आणि दुसऱ्याच्या नावावर खपवलेला प्रश्न न लिहिलेल्या मेलपेक्षा वाईट.

काही मुद्दे कितीही नेमके असले तरी घेऊ नयेत. बोलण्याच्या ओघात पॅनेलने एखाद्या ग्राहकाचं नाव घेतलं असेल, माल परत आल्याचा किस्सा सांगितला असेल, तर ते कागदावर आणू नका. आपल्या आत्ताच्या मालकाकडची आतली गोष्टही नको. मुलगी ‘आमच्याकडे अमुक कंपनीचा माल गोठला होता’ असं लिहिती, तर उद्या आपल्याबद्दलही ही असंच लिहील, हे मॅडमच्या लगेच लक्षात आलं असतं. पगार, रजा आणि निकाल कधी लागणार, हे प्रश्नही या मेलमध्ये नकोत. पॅनेलमधल्या दोघांचा आपसांत वाद झाला असेल तर त्यातल्या एकाची बाजू घेणारा मेल दुसऱ्याकडेही जाणार आहे, हे विसरू नका.

आणि सरकारी भरतीत हा मेल अजिबात पाठवू नका. लोकसेवा आयोग, बँका, सार्वजनिक उपक्रम यांच्या जाहिरातींत निवडीसाठी कोणत्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल अशी अट असते. मुलाखत मंडळाच्या सदस्याशी परस्पर संपर्क साधणं त्यात मोडू शकतं, मग मजकूर कितीही निरुपद्रवी असो. तिथे आभार खोलीतून बाहेर पडताना तोंडी मानायचे, आणि तेवढंच.

खासगी कंपनीत मेल पाठवल्यावर उत्तर बहुधा येत नाही. त्याचा अर्थ लावत बसू नका आणि आठवणीचा दुसरा मेलही पाठवू नका. निकालाची जी तारीख सांगितली असेल ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले, की फक्त एचआरला एका ओळीत विचारा.